मकबऱ्यावरचं आकाश: पतंग, पाखरं आणि विमानाची रेघ काढण्याच्या नोंदी

१७ जानेवारी

छत्रपती संभाजीनगरातल्या एका वाचनालयाच्या नव्या दालनासाठी बीबी का मकबऱ्याचा मोठा फोटो द्यायचा आहे. छपाईची रुंदी ६ फूट. फोटो संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काढलेले आहेत, कारण त्या दिवशी हवा धुवून काढल्यासारखी स्वच्छ होती आणि मागचे डोंगरही नीट दिसत होते. मकबऱ्याचा मुख्य दरवाजा दक्षिणेला. तिथून उत्तरेकडं बघून फोटो काढला की हिवाळ्यातला सूर्य पाठीमागं राहतो आणि समोरचं आकाश गडद निळं, एकसारखं उतरत येतं.

अडचण त्या आकाशातच आहे. संक्रांत म्हणजे बेगमपुऱ्याच्या गच्च्यांवरून पतंगच पतंग. त्यात घुमटाभोवती फिरणारी कबुतरं, वर दोन घारी, आणि सगळ्यावर कळस म्हणजे उंचावरून गेलेल्या विमानाची पांढरी रेघ, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी. वाचनालयाच्या ग्रंथपाल मॅडमचं म्हणणं सरळ आहे: "पतंग आणि ती रेघ नको. पण आकाश खोटं दिसता कामा नये."

दुसरं वाक्य महत्त्वाचं. गल्लीतला कोणताही फोटो स्टुडिओ पतंग पुसून देतो. मोबाईलवर एवढासा दिसतो तोवर ते खपतं. इथं हिशेब वेगळा आहे. फोटोची रुंदी ६००० पिक्सेल, छपाईची १८२९ मिलिमीटर, म्हणजे एक पिक्सेल भिंतीवर साधारण ०.३ मिलिमीटरचा. ३०० पिक्सेल रुंदीचा पतंग पुसला तर त्या जागी ९ सेंटिमीटरचा ठिगळाचा डाग राहू शकतो, आणि तो दोन हातांवरून स्पष्ट दिसतो.

१८ जानेवारी

रॉ फाइल `darktable` मध्ये उघडून १६ बिटच्या टिफमध्ये बाहेर काढली. या टप्प्यावर `sharpen` बंद आणि `denoise (profiled)` सुद्धा बंद. धार आणि दाणे कमी करणं ही दोन्ही कामं पुसापुशी झाल्यावर, अख्ख्या फोटोवर एकदाच. आधी धार दिली की प्रत्येक पतंगाभोवती उजळ कड तयार होते. मग पतंग निघतो आणि कड मागं राहते.

जेपेगवर हे काम करण्याचा आग्रह कुणी धरला तर मी नाही म्हणतो. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून दाबतं. पतंगासारखी ठळक गोष्ट ज्या चौकोनात असते, त्या चौकोनातल्या आकाशावरही तिची घाण पसरते. डोळ्याला पतंगाची हद्द जिथं संपलेली वाटते, तिथं ती संपलेली नसते.

मग आकाशात काय काय आहे याची यादी. त्यासाठी जिम्पमध्ये एक तपासणीची प्रत करून ठेवली: `Layer > New from Visible`, आणि त्या थरावर `Colors > Levels` मधून काळं-पांढरं टोक आकाशाच्या आसपास इतकं जवळ आणलं की निळ्याचा जरासा फरकही ओरडून दिसावा. हा थर फक्त बघण्यासाठी, काम खालच्या थरावर. त्यात साध्या नजरेला न दिसलेले आणखी काही ठिपके सापडले.

ठिपका पाखराचा की सेन्सरवरच्या धुळीचा, हे एका फोटोवरून सांगणं कठीण असतं. लागोपाठ काढलेले फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं. धुळीचा ठिपका गोल, कडा विरलेला, आणि प्रत्येक फोटोत चौकटीच्या त्याच जागी. पाखरू जागा बदलतं. फरक कामाचा आहे, कारण दुसऱ्या फोटोतून आकाश उचलायचं ठरवलं तर धूळ तिथंही त्याच जागी वाट बघत असते.

घारींबद्दल मॅडमशी बोललो. त्या दोन्ही ठेवायच्या ठरल्या, पंख ओळखू येतात आणि त्या तिथल्याच आहेत. लांबची कबुतरं मात्र काढायची. दहा पिक्सेलचं कबुतर भिंतीवर ३ मिलिमीटरचा काळा ठिपका होतो, आणि बघणाऱ्याला छपाईतच शाई सांडल्यासारखं वाटतं.

२० जानेवारी

आज पतंगांना हात न लावता फक्त मोजमाप केलं. पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

निरभ्र आकाश म्हणजे एकच रंग नव्हे. त्यात दोन गोष्टी एकावर एक बसलेल्या असतात. एक उतार: क्षितिजाकडं फिकट, वर गडद, आणि भिंगामुळं कोपऱ्यांकडं आणखी थोडं अंधारलेलं. दुसरा दाणा: सेन्सरमधून येणारा बारीक खरखरीतपणा, ज्यात शेजारचे दोन पिक्सेल कधीच हुबेहूब सारखे नसतात. पुसलेल्या जागी उताराचा रंग बहुतेक वेळा बरोबर येतो. हरवतो तो दाणा. सारवलेल्या अंगणात मधेच फरशीचा तुकडा बसवावा तसं ते दिसतं. रंग जुळलेला असला तरी डोळा अडतोच.

दाणा मोजता येतो. जिम्पच्या `Histogram` खिडकीत निवडलेल्या भागाची सरासरी आणि `Std dev` दिसते. ६४ बाय ६४ पिक्सेलचा चौकोन घ्यायचा. फार मोठा घेतला तर उतारच मोजमापात शिरतो. घुमटाच्या वरच्या स्वच्छ आकाशात, ० ते २५५ च्या मापात, लाल वाहिनीत ३.० आला आणि हिरवीत २.०. निळ्या आकाशात लाल प्रकाश सगळ्यात कमी पोचतो, म्हणून लाल वाहिनी नेहमीच जास्त खरखरीत असते. तपासताना आधी तीच बघावी, डाग तिथं सगळ्यात लवकर उघडा पडतो.

आता हा दाणा हरवतो कुठं? जिथं जिथं सरासरी घेतली जाते, तिथं. या एका वाक्यात जवळजवळ सगळी कारणं बसतात.

मऊ कडेचा ब्रश घ्या. कडेवर मध्यभागी निम्मं जुनं आकाश आणि निम्मं नवं मिसळतं. दोघांचे दाणे एकमेकांशी संबंध नसलेले, त्यामुळं मिसळल्यावर ते एकमेकांना अंशतः खोडतात. मूळ दाणा s आणि मिश्रणात नव्याचा वाटा a असेल तर उरणारा दाणा असा:

```
s * sqrt(a^2 + (1-a)^2)
```

a = ०.५ घातलं की s च्या ०.७१ पट येतं. म्हणजे मूळ दाण्याचा जवळपास तीस टक्के भाग त्या कड्यात गेला. मधला भाग उत्तम, बाहेरचं आकाश उत्तम, आणि मधे एक गुळगुळीत वर्तुळ. "कडा मऊ ठेवा म्हणजे जोड दिसणार नाही" हा सल्ला कातडीच्या आणि कपड्याच्या फोटोत चालतो. निरभ्र आकाशात तोच डाग पाडतो.

ब्रशची अपारदर्शकता पन्नास टक्के ठेवून वरचेवर फिरवणं म्हणजे तेच मिश्रण पुन्हा पुन्हा. उचललेला तुकडा थोडा फिरवला किंवा लहानमोठा केला, तरी प्रत्येक नवा पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांच्या सरासरीतून बनतो. `cv2.inpaint` सारखी भरणी तर कडेचे रंगच आत ओढत नेते, तिच्या पोटात दाणा जवळजवळ उरतच नाही. आणि पाच फोटो एकावर एक ठेवून मध्यक काढला की हलणाऱ्या गोष्टी जादूने गायब होतात, पण दाणाही जवळपास निम्म्यावर येतो. मी संक्रांतीच्या पाच फोटोंवर काढून बघितला: लाल वाहिनीत ३.० चा १.६ झाला. अख्खा फोटो मध्यकाचा असेल तर हरकत नाही, तो सगळीकडं सारखाच गुळगुळीत असतो. पण कडुनिंबाची पानं आणि हौदाचं पाणी हलत होतं, त्यामुळं खालचा भाग एकाच फोटोचा ठेवायचा आहे. मग आकाशातले फक्त पतंगापुरते तुकडे मध्यकातून आणले तर प्रत्येक तुकडा डाग म्हणूनच दिसणार.

२१ जानेवारी

पतंग काढले.

मध्यक मी वापरला, पण ओळखण्यापुरता. मूळ फोटोतून मध्यक वजा केला की जे हललं ते सगळं उठून दिसतं, अगदी विरळ मांजासुद्धा. त्यावरून मास्क काढला, म्हणजे कुठं भरायचं ते दाखवणारं काळं-पांढरं चित्र, आणि तो ६ पिक्सेलनी वाढवला. उडत्या पाखराच्या पंखांची हालचाल आणि भिंगाची किंचित अस्पष्टता मिळून त्याची सावली दिसण्यापेक्षा थोडी बाहेर जाते, म्हणून ही वाढ लागतेच.

भरणी मात्र एकाच दुसऱ्या फोटोतून. एका फोटोचा दाणा एका फोटोइतकाच असतो, म्हणून तो आजूबाजूशी जुळतो. फोटो हातात कॅमेरा धरून काढलेले आहेत, कारण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात तिपाईसाठी वेगळी परवानगी लागते. त्यामुळं प्रत्येक फोटो थोडा सरकलेला आहे. इमारतीसाठी हे जुळवून घ्यावं लागलं असतं. निरभ्र आकाशाला जुळवणीची गरजच नाही, तिथं जुळवण्यासारखं काही नाहीच. उलट जुळवणीचा प्रोग्राम अर्ध्या-पाव पिक्सेलनी सरकवतो, म्हणजे परत सरासरी आली, परत दाणा गेला. म्हणून न जुळवलेला फोटोच थर म्हणून खाली ठेवला.

जिम्पच्या `Heal` मध्ये `Alignment` ला `Registered` ठेवलं, म्हणजे दुसऱ्या थरातली नेमकी तीच जागा उचलली जाते. ब्रशची `Hardness` १०० आणि `Opacity` १००. ब्रश पतंगापेक्षा मोठा, आणि एकच दाब. ओढायचा नाही. `Heal` हा दुसऱ्या फोटोतला दाणा जसाच्या तसा ठेवतो आणि फक्त त्याची उजेडाची पातळी कडेशी जुळवतो. दोन फोटोंत सूर्य हलला नसला तरी कॅमेरा थोडा वर-खाली झाल्यानं उतारात ० ते २५५ मधल्या एखाद्या पायरीचा फरक असतो, तो यातून भरून निघतो. ओढत गेलं की आधी भरलेल्या जागेवर पुन्हा भरणी होते आणि पातळी प्रत्येक वेळी नव्यानं, आधीच्या भरणीच्या कडेवरून ठरते. त्यातून ढगासारखे फिकट ओरखडे येतात.

भरलेल्या जागेत मोजलं: लाल २.९, हिरवा २.०. जुळलं.

सगळेच पतंग असे सुटले नाहीत. डावीकडचा एक लाल पतंग कुणीतरी फार सफाईनं धरून ठेवलेला होता, वारा स्थिर, तो जागचा हलेचना. लागोपाठच्या सगळ्या फोटोंत तो आपल्याच सावलीवर बसलेला. निम्म्याहून जास्त फोटोंत एखादी गोष्ट त्याच जागी असेल तर मध्यकही तिलाच आकाश समजतो. असा पतंग ओळखायचा तर एकेक फोटो डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही. त्याच्यासाठी बऱ्याच नंतरचा फोटो घेतला, ज्यात तो बहुधा काटला गेला होता. पुढच्या वेळेसाठी: भराभर काढलेल्या फोटोंपेक्षा थोडं थांबून, अंतर ठेवून काढलेले फोटो जास्त उपयोगी.

२३ जानेवारी

मांजा. एक-दोन पिक्सेलची रेघ, उजव्या मिनाराच्या टोकावरून तिरकी गेलेली. आकाशातला मांजा सोपा: रेघ जिथून जाते तिथं ५ पिक्सेलचा कडक ब्रश, `Clone`, उगम रेघेच्या शेजारी बाजूला दहा पिक्सेलवर, रेघेच्या दिशेनं सरळ चालवायचा. इतक्या जवळचा उतार सारखाच असतो, पातळी जुळवण्याची गरज पडत नाही.

मिनाराच्या कडेशी `Heal` वापरायचा नाही. तो कडेवरचे पिक्सेल बघून पातळी ठरवतो. ब्रशचा काठ मिनाराच्या सावलीतल्या दगडाला लागला की ती काळपट छटा आकाशात वितळत जाते. हा डाग गुळगुळीत नसतो, मळकट असतो, आणि नेहमी इमारतीच्या कडेला चिकटलेला असतो. त्यावरून ओळखता येतो. टोकापासून अर्ध्या ब्रशाएवढ्या अंतरावर थांबलो आणि पुढं `Clone` नेच गेलो.

२५ जानेवारी

विमानाची रेघ.

ही रेघ म्हणजे धूर नव्हे. इंजिनातून निघालेली वाफ उंचावरच्या उणे ४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड हवेत गोठते आणि बर्फाचे कण होतात. हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते, दमट असेल तर टिकते आणि रुंदावत जाते. आपली टिकलेली आहे. वरची कड धारदार, खालची कड विरत गेलेली.

पतंगाची युक्ती इथं चालली नाही. नंतरच्या फोटोंतही रेघ त्याच जागी, फक्त जास्त रुंद. कारण नकाशा डोळ्यासमोर आणला की कळतं. आपण उत्तरेकडं बघतोय, रेघ पूर्व-पश्चिम आहे. हिवाळ्यात आपल्याकडं त्या उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. तो रेघेला तिच्याच लांबीच्या दिशेनं सरकवतो, म्हणून चौकटीत ती जागची हलत नाही. तीच रेघ उत्तर-दक्षिण असती तर काही मिनिटांत चौकटीबाहेर गेली असती. म्हणजे रेघेखालचं आकाश एकाही फोटोत नाही. ते बांधावंच लागणार.

रेघेची खरी रुंदी आधी ठरवली. साध्या नजरेला दीडशे पिक्सेल वाटत होती. तपासणीच्या थरात खालची विरलेली कड धरून ३५० भरली. मास्क त्या रुंदीचा केला. अरुंद मास्क केला की रेघ जाते पण तिची फिकट किनार उरते, आणि मग जो काही हिशेब कराल तो त्या किनारीवरूनच होतो, सगळा भाग दुधाळ.

बांधायची पद्धत: उतार आणि दाणा वेगळे करायचे. रेघेच्या वरच्या आणि खालच्या स्वच्छ आकाशावरून तिसऱ्या घाताचा एक गुळगुळीत पृष्ठभाग बसवायचा. तो रेघेच्या जागी काय उजेड असायला हवा ते सांगतो. मग खऱ्या आकाशातून हा पृष्ठभाग वजा केला की उरतो तो निव्वळ दाणा. तो दाणा वरच्या आकाशातून ४२० पिक्सेल खाली सरकवून रेघेच्या जागी, पृष्ठभागावर बसवायचा.

```python
import numpy as np, tifffile

im   = tifffile.imread("khidki.tif").astype(float)
good = tifffile.imread("swachchha.tif") > 0
bad  = tifffile.imread("regh.tif") > 0

h, w = bad.shape
y, x = np.mgrid[-1:1:h*1j, -1:1:w*1j]
T = np.stack([x**i * y**j for i in range(4)
              for j in range(4 - i)], -1)

out = im.copy()
for c in range(3):
    k, *_ = np.linalg.lstsq(T[good], im[..., c][good], rcond=None)
    utar = T @ k
    dana = np.roll(im[..., c] - utar, 420, axis=0)
    out[..., c][bad] = (utar + dana)[bad]

tifffile.imwrite("zala.tif", out.clip(0, 65535).astype(np.uint16))
```

`khidki.tif` म्हणजे पूर्ण फोटो नव्हे, रेघेभोवतीची आडवी पट्टी तेवढी कापलेली. `swachchha.tif` मध्ये पांढरं तेवढं खात्रीचं आकाश: घुमट, मिनार, घारी, रेघ, सगळं काळं, आणि इमारतींच्या कडेपासूनही थोडं अंतर सोडलेलं.

यातल्या तीन गोष्टी बदलू नयेत. सरकवणं पूर्ण पिक्सेलचं, ४२० म्हणजे ४२०, अर्धा नाही. तिन्ही वाहिन्या सारख्याच सरकवायच्या, कारण कॅमेऱ्यातून आलेल्या दाण्यात लाल-हिरवा-निळा एकमेकांशी बांधलेले असतात. वेगवेगळे सरकवले तर दाण्याचा रंगच बदलतो, रंगीत रवाळपणा दिसतो. आणि मास्कची कड कडक ठेवायची, वीस तारखेच्या कारणासाठी. सरकवण्याचं अंतर रेघेच्या रुंदीपेक्षा जास्त हवं, नाहीतर रेघेतलाच तुकडा परत रेघेत येतो. पट्टीही वर पुरेशी उंच कापायला हवी, कारण `np.roll` वरचं संपलं की खालच्या टोकाकडून उचलायला लागतो. दाणा वरून घेतला, खालून नाही, कारण खाली घुमट येतो.

२६ जानेवारी

पहिल्याच निकालात दाणा बरोबर आला, पण रेघेच्या खालच्या कडेला, उजव्या टोकाकडं, आडवी सीमा दिसत होती. तपासणीच्या थरात सरळ पट्टीनं ओढल्यासारखी. दाण्याचा दोष असता तर तुकडा गुळगुळीत दिसला असता, इथं तो फक्त जरासा उजळ होता. म्हणजे दोष उताराचा.

कारण असं की उजवीकडं क्षितिजालगत धुळीचा फिकट थर आहे. तिथं उजेड इतक्या वेगानं बदलतो की तिसऱ्या घाताचा एकच पृष्ठभाग अख्ख्या रुंदीला पुरत नाही. घात वाढवणं हा मोह आहे. सहाव्या-सातव्या घातावर पृष्ठभाग जिथं माहिती नाही नेमक्या त्याच भागात, म्हणजे रेघेखाली, लाटा मारायला लागतो. त्यापेक्षा खिडकी लहान करणं बरं. पट्टीचे डावा आणि उजवा असे भाग केले, सांधा मिनारामागं येईल असा, म्हणजे दोन पृष्ठभागांमधला फरक दगडाखाली झाकला जातो. प्रत्येक भागाला वेगळा तिसरा घात. शिवाय धुळीचा सगळ्यात खालचा थर `good` मधून काढून टाकला, रेघ त्याच्यापासून बरीच वर आहे, त्याचं ऐकण्याची गरज नव्हती.

सीमा गेली. कडेच्या आत आणि बाहेर, त्याच रकान्यातल्या चौकोनांची सरासरी मोजली, पृष्ठभाग वजा करून. फरक पाव पायरीपेक्षा कमी.

एक मर्यादा लिहून ठेवतो. भिंगावर पोलरायझर लावला असता तर ही पद्धत इतक्या सहज बसली नसती. रुंद भिंगावर पोलरायझर आकाशात एक गडद पट्टा पाडतो, आणि त्याचा आकार असा उताराच्या साध्या पृष्ठभागात बसत नाही. मोठं आकाश असलेल्या इमारतीच्या फोटोला मी तो लावतच नाही.

२८ जानेवारी

सगळं एकत्र केलं आणि तपासणी. तीन प्रकारे बघतो.

पहिलं, `Levels` ओढलेला थर, फोटो पडद्यावर मावेल इतका लहान करून. मोठ्या डागांसाठी आणि उताराच्या सीमांसाठी. शंभर टक्क्यांवर हे दिसतच नाहीत, डोळा फार जवळ असतो. दुसरं, फक्त लाल वाहिनी, शंभर टक्क्यांवर, पतंगांच्या जुन्या जागी. गुळगुळीत वर्तुळं इथं दिसतात. तिसरं, एकच दाण्याची नक्षी दोनदा तर दिसत नाही ना. वरून सरकवलेला दाणा ४२० पिक्सेलवर पुन्हा येतो, आणि नुसत्या दाण्यात ते ओळखता येत नाही. पण उगमाच्या जागी एखादं सुटलेलं कबुतर असेल तर तेही खाली उतरतं. रेघेच्या जागी खरंच एक कबुतर सापडलं, वरच्याचं जुळं. वरचं आधी काढून पट्टी पुन्हा चालवली.

यानंतर अख्ख्या फोटोवर हलकी धार दिली. दाणे कमी करणं मुद्दाम टाळलं. १६ बिटचं ८ बिट होताना हा दाणाच उपयोगी पडतो. वरपासून क्षितिजापर्यंत आपल्या आकाशात सुमारे ८० पायऱ्या आहेत आणि त्या ४००० पैकी अडीच हजार ओळींत पसरल्या आहेत, म्हणजे एक पायरी तीसेक पिक्सेलची, भिंतीवर साधारण १ सेंटिमीटर. दाणा नसेल तर या पायऱ्या आडव्या पट्ट्या म्हणून दिसतात. दाणा असला की प्रत्येक पायरीची सीमा विस्कटते आणि उतार सलग वाटतो.

३० जानेवारी

छपाईवाल्या काकांकडं गेलो. ते म्हणाले, "व्हॉट्सॲपवर टाकायचं ना दादा, कशाला एवढ्या लांब आलात." पेनड्राइव्हवर टिफ दिली आणि कारण सांगितलं. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पुन्हा जेपेग करतं, त्यात बारीक दाणा पहिला मरतो आणि आकाशात चौकोन उठतात.

पूर्ण छपाईआधी १ फूट रुंदीची चाचणीपट्टी काढली, पूर्ण मापावर, लाल पतंगाची जुनी जागा आणि रेघेचा भाग त्यात येईल अशी. भिंतीला टेकवून आधी समोरून, मग ट्यूबलाइटखाली तिरकी बघितली. पतंग कुठं होता ते काकांना विचारलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि बोट भलतीकडंच ठेवलं: "इथं काहीतरी पुसल्यासारखं दिसायलंय." तिथं मी काहीच केलेलं नव्हतं. मशीनच्या एका नळीत शाई कमी उतरत होती, त्याची बारीक आडवी रेघ होती. काकांनी हेड साफ केलं, दुसरी पट्टी काढली, ती रेघ गेली.

२ फेब्रुवारी

पूर्ण छपाई झाली, वाचनालयात पोचवली. फाइलींसोबत मूळ रॉ, दोन्ही मास्क, आणि काय काढलं याची एका पानाची टीप दिली: पतंग, मांजा, लांबची कबुतरं, विमानाची रेघ. घारी मूळच्याच. मॅडमना सांगितलं की हा फोटो भिंतीसाठी आहे, मकबऱ्याच्या स्थितीची नोंद म्हणून कुणी मागितला तर रॉमधून काढलेला, न पुसलेला द्यावा. त्यांनी टीप फ्रेमच्या मागं चिकटवून घेतली.

पुढचं काम देवगिरी किल्ल्याचं, चांद मिनारासह. तिथं पतंग नसतील, पण माकडं आणि वटवाघळं असतील, आणि संध्याकाळचं आकाश असेल. त्याचा उतार दर मिनिटाला बदलतो, म्हणून दुसऱ्या फोटोतून भरणी घेताना दोन फोटोंमधलं अंतर सेकंदांचंच ठेवावं लागेल.